तुला कोणाजवळ राहायचे?

घटस्फोटाच्या प्रकरणात मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन समजुती हमखास ऐकू येतात. पहिली म्हणजे पाच वर्षांपर्यंत मूल आईचे, पुढे बापाचे. दुसरी म्हणजे मूल नऊ वर्षांचे झाले की न्यायाधीश त्यालाच विचारतात आणि ते म्हणेल तसा निकाल देतात. काही जण नऊऐवजी बारा म्हणतात. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर तारखेची वाट पाहत बसलेल्या नातेवाइकांत या समजुती इतक्या पक्क्या असतात की त्यांच्या आधारावर पुढचे सारे डावपेच ठरतात. मूल नऊ वर्षांचे होईपर्यंत प्रकरण लांबवायचे आणि तोवर त्याला 'तयार' करायचे, असा सल्ला घरातली वडीलधारी माणसेही निर्धास्तपणे देतात.

या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच त्या घातक आहेत. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे म्हटले आहे. परंतु पाच वर्षे पूर्ण होताच तो आपोआप बापाकडे जातो, असे कुठेही म्हटलेले नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. त्याचे कलम 17 सांगते की, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. वयाचा आकडा त्या कलमात नाही. 'घेतलीच पाहिजे' असेही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये मुलांच्या इच्छेशी शक्य तेथे सुसंगत असा आदेश द्यावा, अशी भाषा आहे. 1992 साली भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याचे 12 वे कलमही मुलाचे मत त्याच्या वयाला आणि समजेला साजेसे वजन देऊन ऐकावे असे सांगते. थोडक्यात, मुलाचे ऐकायचे हे ठरलेले आहे. किती मानायचे, हे मात्र प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरते. ते कशावरून ठरते, हा खरा प्रश्न आहे.

सहा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर याचे उत्तर बरेचसे सापडते. त्या मुलांची नावे येथे देत नाही. ती आता मोठी झाली असतील, आणि त्यांच्या घरची भांडणे आपल्याला हवीत ती शिकण्यापुरतीच.

पहिले प्रकरण बंगालमधले, निकाल 2008 चा. मुलगा जेमतेम सहा वर्षांचा. त्याची आई वारलेली, आणि तिच्या मृत्यूप्रकरणी बापावर फौजदारी खटला चालू. मुलगा आजोळी वाढत होता. खालच्या न्यायालयांनी बाप हा नैसर्गिक पालक म्हणून त्याचा ताबा बापाकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाशी आपल्या दालनात बोलून पाहिले. त्याने बापाकडे जायचे नाही असे स्पष्ट सांगितले. खालच्या न्यायालयांनी मुलाची इच्छा जाणून घेतली नाही आणि फौजदारी खटल्याचाही पुरेसा विचार केला नाही, असे म्हणत न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सहा वर्षांच्या पोराचे म्हणणे मानले गेले.

दुसरे प्रकरण त्याच वर्षीचे, अलाहाबादचे. मुलगा दहा वर्षांचा, बहुतेक आयुष्य वडिलांजवळ गेलेले. आई दुसऱ्या गावी, स्वतः कमावती, शिकलेली. तिच्या योग्यतेबद्दल फारशी शंका नव्हती. पण न्यायमूर्ती मुलाशी बोलले तेव्हा त्याने वडिलांना सोडून जाण्याची अनिच्छा दाखवली. ज्या गावात, ज्या शाळेत तो रुळला आहे तेथून त्याला आता उपटून काढले, तर अभ्यासाचे नुकसान होईल आणि मनावरही ताण येईल, असे न्यायालयाला वाटले. ताबा वडिलांकडेच राहिला. मात्र आईला भेटीचा हक्क बारकाईने आखून देण्यात आला. दोन आठवड्यांहून मोठ्या सुटीत मुलाने सात दिवस आईकडे राहायचे, हा त्यातलाच एक भाग.

तिसरे प्रकरण दिल्लीचे, निकाल फेब्रुवारी 2017 चा. बाप सैन्यात अधिकारी, आई केंद्रीय विद्यालयात शिक्षिका. आई घराबाहेर पडली तेव्हा मुलगी पावणेदोन वर्षांची होती आणि ती बापाकडेच राहिली. निकालाच्या वेळी ती आठ वर्षांची झाली होती. तिने सांगितले, मला बाबांजवळच राहायचे आहे. तिचे बापावर प्रेम आहे आणि बापानेही तिला चांगले वाढवले आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही ताबा एका वर्षासाठी आईकडे देऊन, वर्षानंतर पुन्हा विचार करू असे सांगितले. कारण असे, की या मुलीने आईचा सहवास खऱ्या अर्थाने कधी अनुभवलेलाच नव्हता. ज्या दोघांतून निवड करायची, त्यांतला एकच जण माहीत असेल, तर त्या निवडीला निवड कसे म्हणायचे?

म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे ऐकले गेले आणि आठ वर्षांच्या मुलीचे शब्दशः ऐकले गेले नाही. वयाने हा उलगडा होत नाही. न्यायालय पाहते ते असे, की मुलाच्या म्हणण्यामागे त्याचा स्वतःचा अनुभव आहे का, आणि ते म्हणणे मोकळेपणाने तयार झाले आहे का. बंगालच्या मुलामागे आईचा मृत्यू होता. अलाहाबादच्या मुलामागे शाळा, मित्र, रोजचे जगणे होते. दिल्लीच्या मुलीच्या मनात आईची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी राहावी अशीच परिस्थिती होती.

यापूर्वीही, 1982 साली, मुंबईच्या एका पारशी दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा ओढली होती. बापाच्या सततच्या प्रभावामुळे मुलगी समजून-उमजून पसंती सांगण्याच्या मनःस्थितीत नाही, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने ताबा आईकडे दिला आणि मुलीला पाचगणीच्या निवासी शाळेत ठेवावे असे ठरवले. घरच्या रस्सीखेचीतून तिला थोडे बाजूला काढण्याचा तो मार्ग होता.

अकोला ते अमरावती

आता हे सारे आपल्या मुलखात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. नवरा अकोल्याचा, बायकोचे माहेर अमरावतीचे. भांडण विकोपाला गेले आणि ती माहेरी आली. दहा वर्षांचा मुलगा शाळा चालू असल्यामुळे अकोल्यालाच, बापाजवळ आणि आजीजवळ राहिला. दोन-चार महिन्यांत सारे निवळेल, या आशेवर तिने तेव्हा ताण दिला नाही. सहा महिने गेले आणि मग प्रकरण न्यायालयात आले.

पहिला प्रश्न, अर्ज कुठे करायचा? 1890 च्या कायद्याप्रमाणे अर्ज करायचा तर मूल जेथे सामान्यतः राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात, म्हणजे अकोल्याला. पण 2003 च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखाली पत्नी ती स्वतः राहते तेथे, म्हणजे अमरावतीला, घटस्फोटाचा अर्ज करू शकते आणि त्याच प्रकरणात कलम 26 खाली मुलाचा ताबा व भेटही मागू शकते. मग असे होते की, बाई अमरावतीला अर्ज करते, नवरा अकोल्याला करतो, आणि दोन्ही प्रकरणे एका जागी आणण्यासाठी नागपूर खंडपीठाकडे आणखी एक अर्ज जातो. या धावपळीत तीन-चार महिने सहज जातात. वकिलाला ते काही वाटत नाहीत. पण दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे शाळेचे एक सत्र असते.

म्हणूनच माझ्या मते अशा प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद अंतिम निकालाचा नसतो. तो असतो तात्पुरत्या भेटीचा आदेश. मुख्य प्रकरण चालू असताना आईला मुलाला कधी, कुठे, किती वेळ भेटता येईल, हे त्यात ठरते. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. ते दोघांशी आणि मुलाशी बोलतात, आणि बहुधा येथेच पहिला तोडगा निघतो. अंतिम निकालाला वर्षे लागू शकतात. तोवर मुलाच्या मनात आई उरते की पुसट होते, हे या छोट्या आदेशावर अवलंबून असते. शेवटी न्यायाधीश मुलाला विचारतील तेव्हा त्याचे उत्तर यातूनच घडलेले असेल.

असा आदेश मोघम असला की तो मोडायला सोपा. 'आईला महिन्यातून दोनदा भेटू द्यावे' एवढेच लिहिले, तर कोणत्या दिवशी, कुठे, मुलाला आणणार कोण, परत नेणार कोण, यावर दर वेळी नवे भांडण. पहिल्या शनिवारी मुलाला ताप येतो. तिसऱ्या शनिवारी चाचणी परीक्षा असते. पुढच्या महिन्यात तो आत्याकडे लग्नाला गेलेला असतो. यातले काही खरेही असेल, पण चार वेळा असे झाले की दोन महिन्यांची भेट बुडाली. म्हणून आदेशात तपशील मागून घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता अकोल्याला न्यायालयाच्या आवारात समुपदेशकासमोर मुलाला आईकडे द्यायचे आणि चार वाजता परत घ्यायचे. बुडालेली भेट पुढच्याच आठवड्यात भरून द्यायची. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी व्हिडिओवर बोलणे करून द्यायचे. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीखेरीज असा संपर्क हाही मुलाचा हक्क मानला आहे.

दोन-तीन महिने हे सुरळीत चालले, तर पुढची पायरी. शनिवारी दुपारी आईबरोबर अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला, तेथून अमरावतीला मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. प्रवास दीड-दोन तासांचा, मुलाला झेपण्यासारखा. मग दिवाळीच्या सुटीचा अर्धा भाग, उन्हाळ्याच्या सुटीचा अर्धा भाग. टप्प्याटप्प्याने वाढणारी भेट मुलाला सोसते. सहा महिने न दिसलेल्या आईकडे एकदम पंधरा दिवस पाठवले, तर तो रडेल, आणि तेच रडणे पुढे पुरावा म्हणून मांडले जाईल.

दालनातले ते पंधरा मिनिटांचे बोलणे

आता समजा दीड वर्ष गेले, भेटी अर्ध्याच झाल्या, आणि मुलाला न्यायाधीशांसमोर नेण्याचा दिवस आला. ही भेट भर न्यायालयात नसते. न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात. आईबाप आणि वकील बाहेर थांबतात. मुलाला शपथ नसते, उलटतपासणी नसते. अनुभवी न्यायाधीश 'तुला कोण हवे' असे सुरुवातीलाच विचारत नाहीत. शाळेचे नाव, वर्गशिक्षिका कोण, डबा कोण देते, संध्याकाळी कुठे खेळतोस, आजारी पडलास तेव्हा रात्री उशाशी कोण बसले होते, असे विचारत जातात.

आपला मुलगा समजा म्हणाला, "मले आजीपाशीच राहाचं हाये. माही शाळा इथंच हाये, सोबती इथंच हायेत. आई भेटते तवा चांगलं वाटते, पण रात्री मले आजीची सवय हाये." हे मुलाचे स्वतःचे बोलणे आहे. त्यात गोष्टी आहेत, सवयी आहेत, आईबद्दलचे बरे शब्दही आहेत. याला वजन मिळते, आणि मिळायला हवे.

समजा तोच मुलगा म्हणाला, "आईनं फक्त पोटगीसाठी केस केली. तिनं आमच्या घराण्याची बदनामी केली. मला तिचं तोंडही पाहायचं नाही." दहा वर्षांच्या मुलाला पोटगी हा शब्द कोठून आला? बदनामी कशी झाली हे विचारले की तो गप्प बसतो. एकही प्रसंग सांगता येत नाही. आईबद्दल एकही चांगली आठवण नाही आणि बापाबद्दल एकही तक्रार नाही, असे मूल विरळाच. घरात अशी वाक्ये रोज ऐकून ती मुलाच्या तोंडी बसलेली असतात. मोठ्यांचे शब्द, तपशिलाचा अभाव आणि काळे-पांढरे चित्र, या तीन खुणा जाणकार समुपदेशकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

पण येथेच एक सावधगिरी हवी. मूल एका पालकाला नाकारते म्हणजे दुसऱ्याने शिकवले, असे सरसकट मानणेही तितकेच धोक्याचे आहे. 2017 च्या निकालात मुलाला पालकापासून तोडण्याच्या मानसिक प्रकाराचा उल्लेख आला, आणि तेव्हापासून हा शब्दप्रयोग अनेक अर्जांत सर्रास दिसतो. मानसोपचाराच्या प्रमाण यादीत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान नाही. मुलाने मारहाण पाहिली असेल, स्वतः सोसली असेल, तर त्याचा नकार हा अनुभवच आहे, बंगालच्या त्या मुलासारखा. फरक ओळखायचा तो पुन्हा तपशिलावरूनच. खरी भीती प्रसंग सांगते. कधी सांगता आले नाही, तर झोपेत, शाळेत, वागण्यात दिसते. असा संशय असेल तेथे भेट पूर्ण बंद करण्याआधी समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट देऊन पाहता येते. आणि 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे, भेटीने मुलाचे अहित होईल असे वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारूही शकतात.

मग आपल्या उदाहरणातला निकाल काय लागेल? मुलाचे पहिल्या प्रकारचे बोलणे असेल, तर बहुधा ताबा अकोल्यालाच राहील आणि आईला सुट्यांसह भरघोस भेट मिळेल. दुसऱ्या प्रकारचे असेल, आणि भेटी कोणी बुडवल्या याची नोंद आईकडे तारीखवार असेल, तर न्यायालय आधी भेटी सक्तीने सुरू करील. तरीही बापाने अडवले, तर ताबा बदलण्याचा विचारही करील. म्हणून तारखांची वही ठेवणे, गेले पण मुलाला आणले नाही तर त्याच दिवशी न्यायालयात लेखी कळवणे, हे आईने (किंवा उलट प्रकरणात बापाने) नेमाने करायचे काम आहे. रागाने दोन भेटी स्वतःच चुकवल्या, तर पुढे 'तिलाच मुलाची ओढ नाही' हा मुद्दा विरुद्ध बाजूला आयता मिळतो.

निकाल लागला म्हणजे विषय संपला असेही नाही. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. 1973 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलता येतो. दहाव्या वर्षी आजीशिवाय न झोपणारा मुलगा चौदाव्या वर्षी आईजवळ राहून अमरावतीला शिकायचे म्हणू शकतो, आणि तेव्हा त्याचे म्हणणे पूर्वीपेक्षा अधिक वजनदार असेल. त्या दिवसापर्यंत दोन्ही घरांची दारे त्याच्यासाठी उघडी राहिली, तरच त्याला तसे म्हणता येईल.

2015 साली विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली, आणि पालकांनी मुलाच्या संगोपनाची लेखी योजना करावी असेही म्हटले. पण वेगळे होताना दोघांनी बसून मुलाच्या शाळेचे, सुट्यांचे, सणांचे, दवाखान्याचे आणि खर्चाचे वेळापत्रक लिहून काढण्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ते करारात घालता येते. ज्यांनी ते आधीच केले, त्यांच्या मुलाला बहुधा न्यायाधीशांच्या दालनात जावेच लागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. नातू किंवा भाचा घरी असेल, तर त्याला 'तुला कोणाजवळ राहायचे' हा प्रश्न विचारू नका, गमतीनेही नको. तो प्रश्न ज्या माणसाला विचारावाच लागतो, तो तो दार लावून, एकट्याने आणि शक्यतो एकदाच विचारतो. तुम्ही रोज विचारलात, तर मूल तुम्हाला आवडेल असे उत्तर पाठ करते, आणि पुढे खरे सांगायची वेळ येते तेव्हा तेच त्याच्या तोंडून निघते. त्यापेक्षा शनिवारी सकाळी त्याचे दप्तर आणि डबा भरून द्या, आणि आईकडून किंवा बाबांकडून परत आल्यावर तिथे काय खाल्ले, एवढेच विचारा.